माळ्यावरची पेटी

अण्णा गेले त्याला सहा वर्षं झाली होती. सांगलीचं घर तेव्हापासून बंद होतं आणि आई आमच्याकडे पुण्याला राहत होती. २०२२च्या मे महिन्यात आम्ही ते घर भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि आवराआवर करायला सगळे चार दिवसांसाठी तिथं जाऊन राहिलो. माळ्यावर चढायचं काम आपसूकच आमच्या मन्याकडे आलं. वय वर्षं अकरा, अंगानं किरकोळ आणि धुळीचं वावडं मुळीच नाही. वरून तो एकेक वस्तू नाव पुकारून खाली देत होता. पाटा, परात, कंदील, मोडकी सायकलची सीट. मग थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. आणि एकदम वरून एक लांबलचक, रडका, कापरा सूर आला.

स्वयंपाकघरात डबे पुसत बसलेली आई जागची हलली नाही. फक्त तिचा हात थांबला.

अण्णांची पेटी. जुन्या धोतरात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली. ती तिथं मीच ठेवली होती, तेराव्यानंतर, आणि मग सोयीस्करपणे विसरलो होतो. अण्णा शाळामास्तर. गावच्या भजनी मंडळात त्यांची पेटी असायची, कीर्तनाला साथ असायची. मला शिकवायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मी क्रिकेटला पळालो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं. पण हे म्हणणं सोपं आहे, कारण तिसऱ्यांदाही मी पळालोच असतो.

मी म्हटलं, "भजनी मंडळाला देऊन टाकू." मन्या माळ्यावरूनच म्हणाला, "का?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

पेटी खाली घेतली आणि उजेडात पाहिली. उंदरांनी भात्याचे दोन कोपरे कुरतडलेले होते. मन्या जीव खाऊन भाता मारत होता, पण अर्धी हवा त्या भोकांतून फुसफुसत निघून जात होती. शिवाय एक पट्टी न दाबताच वाजत होती. माळ्यावरून आला तो रडका सूर तिचाच. मन्यानं तो बंद करायला सगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या, वरच्या खुंट्या ओढून पाहिल्या. शेवटी त्यानं हात जोडले.

मिरज सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरवर. सतारी आणि तंबोऱ्यांसाठी ते गाव देशभर माहीत आहे, पण पेटी दुरुस्त करणारेही तिथं आहेत. दुसऱ्या दिवशी पेटी मांडीवर घेऊन आम्ही बाप-लेक एका जुन्या कारागिराच्या दुकानात गेलो. त्यांनी पेटी पाहिली, बोलले काही नाही. एकही पट्टी न दाबता त्यांनी भाता भरून सोडून दिला आणि कानाशी हात नेऊन ऐकत बसले. मन्याला म्हणाले, "पेटी घ्यायची असली तर पहिलं हे बघायचं. सूर नंतर. भरलेला भाता पट्टी न दाबता पडून राहायला पाहिजे, हळूहळू बसला पाहिजे. तुमचा बघा, लगेच झोपला."

मग त्यांनी झाकण काढलं, पट्ट्या उचलल्या आणि मन्याला आत डोकावू दिलं. माझ्या घरात चाळीस वर्षं ही वस्तू होती आणि आत काय आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पितळेच्या छोट्या चौकटींच्या रांगा, आणि प्रत्येक चौकटीत एका टोकाला घट्ट बसवलेली पितळेचीच बारीक जीभ. यालाच सूर म्हणतात. हवा जाताना ही जीभ थरथरते आणि नाद होतो. लांब जीभ खर्जाची, आखूड वरची. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाखाली कातड्याची गादी असते आणि ती भोकावर दाबून बसलेली असते. आपण पट्टी दाबली की ती गादी उचलली जाते आणि हवेला वाट मिळते. आमच्या हट्टी पट्टीच्या गादीखाली एक वाळलेलं झुरळ अडकलं होतं. गादी पुरती टेकत नव्हती, म्हणून तो सूर थांबत नव्हता. कारागिरांनी चिमट्यानं झुरळ बाहेर काढून मन्याच्या तळहातावर ठेवलं. "हा तुमचा गवई," ते म्हणाले.

तीन सूर मुके होते. दोन नुसत्या कचऱ्यानं, ते पातळ कागद जिभेखालून सरकवल्यावर बोलू लागले. तिसऱ्याची जीभ मुळाशी तडकली होती. ती बदलावी लागणार होती, आणि नवी जीभ बसवली की ती जुळवावी लागते. तेही त्यांनी करून दाखवलं. जिभेच्या टोकाशी अगदी थोडं खरवडलं की सूर चढतो, कारण टोक हलकं होतं. मुळाशी खरवडलं की उतरतो, कारण तिथली ताकद कमी होते. "जास्त खरवडलं तर?" मन्यानं विचारलं. "तर नवीन जीभ," ते म्हणाले.

पट्ट्या पुन्हा बसवताना ते थांबले. पट्ट्यांच्या मागे जी लाकडी फळी असते तिच्यावर पेन्सिलीचे तीन ठिपके होते. एक काळी पाचच्या वर, एक काळी चारच्या, आणि एक काळी तीनच्या. पहिला जवळजवळ पुसला गेलेला, तिसरा त्या मानानं ठसठशीत.

"वडील साथ कोणाला करायचे?"

"भजनी मंडळाला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "गडी माणसं काळी एक, काळी दोन अशी गातात. काळी पाच ही बाईच्या गळ्याची जागा आहे."

मला काही सुचलं नाही. मी म्हटलं, कोणी विद्यार्थिनी असतील.

तीन आठवड्यांनी पेटी पुण्याला आली. दिवाणखान्यात, आईच्या खुर्चीपासून चार हातांवर तिची जागा ठरली. आई तिच्याकडे पाहायची आणि वर्तमानपत्र वाचायची. अण्णा गेल्यापासून तिनं गुणगुणणंसुद्धा सोडलं होतं. तेही आम्हाला कोणी दाखवून दिल्याशिवाय लक्षात आलं नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त संगीत शिक्षिका राहतात. आठवड्यातून दोनदा मन्या त्यांच्याकडे जाऊ लागला. पहिले पंधरा दिवस त्याला एकही गाणं मिळालं नाही. बाईंनी त्याला फक्त षड्ज धरायला लावला. एका पट्टीवर बोट, आणि डाव्या हातानं भाता. मन्याची समजूत अशी की प्रत्येक सुराला एक भाता मारायचा. त्यामुळे सूर उसळी घ्यायचा आणि विझायचा, उचकी लागल्यासारखा. बाईंनी समजावलं की आपण हलवतो तो बाहेरचा भाता नुसता हवा भरतो. आत आणखी एक भाता असतो, स्प्रिंगांनी दाबलेला, आणि सुरांना हवा तो पुरवतो. बाहेरच्यानं पाणी भरायचं, आतल्यानं वाढायचं. आतला कधी रिकामा होऊ द्यायचा नाही, आणि तो भरलेला असताना उगीच ढोसायचंही नाही. डाव्या हातानं उजव्या हाताकडे पाहायचंच नाही. हे जमायला मन्याला महिना लागला. एके दिवशी सकाळी मी दात घासत असताना पाठीमागून एक सरळ, शांत सूर ऐकू आला, आणि तो संपेचना. मी ब्रश तोंडात तसाच ठेवून बाहेर आलो. मन्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसला होता.

मग अलंकार सुरू झाले. पण त्याच्या मनात गाणं होतं, आणि कोणतं ते त्यानं मलाच विचारलं. "बाबा, अण्णाआजोबा तुझ्यासाठी काय वाजवायचे?"

मला एकच आठवत होतं. लहानपणी झोपताना ऐकलेली अंगाई. ती कोणत्याही पुस्तकात नाही. आईला तिच्या आईकडून आलेली, चार ओळींची, चाल एवढीशी. पहिल्या ओळीची चाल मी गुणगुणून दाखवली. दुसरीला अडलो. आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला नाही आता आठवत," आणि चष्मा पुसू लागली.

मन्यानं पहिली ओळ शोधायला घेतली. ऐकून सूर शोधणं म्हणजे काय, ते मी तेव्हा जवळून पाहिलं. तो एक सूर तोंडानं धरायचा आणि पेटीवर बोट खालून वर नेत जायचा, जुळला की थांबायचा. अंधारात बटण चाचपडावं तसं. दोन संध्याकाळी गेल्या आणि ओळ सापडली. पांढरी एक हा षड्ज धरून तिचे सूर निघाले ते असे: ग ग रे ग, प ग रे सा. बाईंनी ऐकून सांगितलं की अशा चाली पुष्कळदा पाचच सुरांच्या असतात, सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद नाहीत. भूप रागात हेच पाच सूर. पण अंगाईला राग म्हणू नकोस हो, त्या म्हणाल्या, ती रागाच्या आधीची.

सापडली म्हणजे वाजू लागली असं नाही. गंधारावरून पंचमावर जाताना मन्याचं प्रत्येक वेळी चुकायचं. पांढरी एकपासून वाजवताना सा, रे, ग या एकाला एक लागून असलेल्या तीन पांढऱ्या पट्ट्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट त्यांवर आपोआप पडतात. त्यापुढचं बोट सवयीनं शेजारच्या पट्टीवर जातं, आणि ती असते मध्यमाची. पंचम तिच्या पलीकडे. दिसायला सगळ्या पांढऱ्या पट्ट्या सारख्या, त्यामुळे कोणती सोडायची ते बोटाला कळत नाही. आठ सुरांतला तो एक परका मध्यम शांतपणे वाजत असलेली ओळ फाडून टाकायचा. मन्या चिडायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. हीच त्याची चूक होती, असं बाई म्हणाल्या. पहिल्यापासून वाजवलं की येणाऱ्या तीन सुरांचाच सराव होतो. त्यांनी त्याला फक्त दोन सूर दिले. ग, प. ग, प. बाकी ओळ विसरून जा. दिवसाला शंभर वेळा, सावकाश.

मधल्या काळात पाऊस लागला. जुलैत दमट हवेनं लाकूड फुगलं आणि दोन पट्ट्या दाबल्या की दबलेल्याच राहू लागल्या. मन्याचा चेहरा उतरला. मिरजेला फोन केला तर कारागीर म्हणाले, जोर लावू नका, तासू तर मुळीच नका, भिंतीपासून लांब कोरड्या जागी ठेवा, उघडीप झाली की आपोआप उठतील. गणपतीत उठल्या.

दसऱ्यापर्यंत पहिली ओळ सरळ वाजू लागली. चुकत नव्हती. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं, कारण पुढची ओळ फक्त आईला माहीत होती. एका संध्याकाळी मन्या तिच्यासमोर पेटी घेऊन बसला आणि म्हणाला, "आजी, मी वाजवतो, तू नुसती बरोबर म्हण. विसरलीस तर विसरलीस."

आईनं तोंड उघडलं. तो सूर तिच्या गळ्याला बसेना. खाली गेली तर आवाज घशात राहायचा, वरच्या अंगानं धरला तर पंचमावर फाटायचा. दोन शब्द म्हणून ती थांबली. "गेला रे माझा आवाज," ती म्हणाली. "राहू दे."

मन्या गप्प बसून राहिला. मग उठून त्यानं पेटीवरचं झाकण काढलं. "आजी, हे ठिपके कोणाचे?"

आई खाली वाकली. चष्मा वर सारून तिनं फळीवर अगदी नाक टेकवलं. काळी पाचच्या ठिपक्यावर तिनं बोट ठेवलं. "ही लग्न झालं तेव्हाची माझी पट्टी. रात्री सगळी निजानीज झाली की हे हळू आवाजात पेटी धरायचे. सासूबाईंना आवडायचं नाही." मग बोट काळी चारवर आलं. तिथं ती जराशी थांबली. आणि मग काळी तीनवर.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

मला उलगडायला वेळ लागला. बाईंनी पुढे सांगितलं की वय वाढतं तसा बहुतेक बायकांचा आवाज खाली येतो. गाणारीला ते कळतं आणि त्याचं दुःखही होतं. आईच्या लक्षातच आलं नाही, कारण तिचा आवाज उतरत गेला तसा अण्णांनी तिचा षड्ज न सांगता एकेक काळी खाली आणला. ती आपली म्हणत राहिली. तिला वाटायचं, आपला गळा अजून तसाच आहे.

मन्याला यातलं काही नको होतं. त्याला एवढंच कळलं की षड्ज काळी तीनवर न्यायचा आहे. आणि इतक्या महिन्यांची मेहनत आता फुकट जाणार अशा चेहऱ्यानं त्यानं बोटं काळ्या पट्ट्यांवर ठेवली.

पेटीच्या काळ्या पट्ट्यांची मांडणी आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. दोनाचा गट, तिनाचा गट, पुन्हा दोनाचा. काळी तीनला षड्ज म्हटलं की तिनाच्या गटात सा, रे, ग येतात आणि पुढच्या दोनाच्या गटात प, ध. पाचही सूर काळे. पांढरीला हात लावायची गरजच नाही. आणि तो छळवादी मध्यम? तो दोन गटांमधल्या मोकळ्या जागेत, खाली पांढऱ्यात राहतो. बोट गंधारावरून उचललं की मधलं अंतर ओलांडून ते पंचमावरच पडतं. जी उडी शिकायला त्याला दोन महिने लागले, ती या जागी चुकायचीच सोय नव्हती. अंगठा मात्र आखूड म्हणून काळ्या पट्ट्यांवर नीट पोचत नाही. त्यामुळे तर्जनीपासून सुरुवात करावी लागली, आणि तेवढ्यापुरता तो अडखळला. (हेच पाच काळे सूर काळी एकला षड्ज धरून वाजवले तर दुर्गा राग होतो, हे बाईंनी नंतर सांगितलं. घरी पेटी असेल तर वाजवून पाहा. पट्ट्या त्याच, पण षड्ज बदलला की घर बदलल्यासारखं वाटतं.)

पेटीवर एक गोष्ट होत नाही, ती त्या संध्याकाळी ऐकू आली. आई गंधारावरून षड्जावर येताना पायऱ्या उतरत नव्हती, घसरत येत होती. पेटीला ते जमत नाही. तिचा प्रत्येक सूर वेगळा, पट्टीत बांधलेला. याच कारणानं जाणकारांनी पेटीला पुष्कळ नावं ठेवली, आणि १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. मन्या ती घसरण पकडायला मधल्या सगळ्या पट्ट्या भराभर दाबून पाहू लागला, तेव्हा आई पहिल्यांदा हसली. "ते नाही रे व्हायचं त्यातनं. ते मी करते. तू फक्त सा धरून ठेव. हे तसंच करायचे."

पहिली ओळ झाली. मन्यानं षड्ज धरून ठेवला, भाता शांत होता. आणि आई दुसऱ्या ओळीत शिरली. न आठवणारी ओळ तिच्या तोंडून अशी आली की जणू मागच्या खोलीतून कोणी हाक मारत होतं. ती ओळ वर जात नाही, खाली जाते, षड्जाच्याही खाली मंद्रातल्या धैवतापर्यंत. म्हणून तर मला ती कधी सापडली नाही, मी वर शोधत होतो. मी दारात उभा होतो. झोपताना त्या ओळीपर्यंत मी बहुधा जागा राहतच नसे.

मन्याचं बोट खालच्या दोनाच्या गटात चाचपडत गेलं आणि आधी पंचमावर पडलं. मग धैवतावर. तोवर आई पुढे निघून गेली होती. चौथी ओळ संपली. कुकरची शिट्टी झाली, कोणी उठलं नाही.

मन्यानं भाता भरला.

"आजी, परत. दुसऱ्या ओळीत माझा धैवत उशिरा आला."